घरचं बीपी मशीन: निवड, दवाखान्यातल्या मशीनशी पडताळणी आणि बदलण्याची वेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रुग्णांनी घरून आणलेली बीपी मशीन दवाखान्यातल्या मशीनशी पडताळून देणं हा माझ्या कामाचा भाग आहे. या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. "मशीन बरोबर आहे का?" हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात. हे मॉडेल मुळात माणसांवर तपासलेलं आहे का? त्याचा पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा आहे का? आणि तुमच्याकडचं हे मशीन तुमच्या दंडावर आज बरोबर दाखवतंय का? एकाचं उत्तर 'हो' आलं म्हणून बाकी दोन सुटत नाहीत.

कोरं करकरीत मशीन चुकेलच कसं?

कारण घरचं मशीन तुमचं वरचं आणि खालचं बीपी थेट मोजत नाही. दवाखान्यात स्टेथोस्कोप लावून बीपी घेताना पट्ट्यातली हवा हळूहळू सोडतात. ठोके ऐकू यायला लागले की वरचा आकडा घेतात आणि ते ऐकू येईनासे झाले की खालचा. घरच्या मशीनला ऐकू येत नाही. पट्ट्याखाली रोहिणी धडधडते तेव्हा पट्ट्यातल्या हवेच्या दाबात बारीक हेलकावे उठतात, ते हे मशीन टिपतं. हे हेलकावे सर्वात मोठे होतात तो दाब म्हणजे साधारणपणे सरासरी रक्तदाब. वरचा आणि खालचा आकडा त्या हेलकाव्यांच्या चढउतारावरून मशीन गणिताने काढतं.

हे गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते सहसा जाहीर केलं जात नाही. म्हणून पंप, सेन्सर, स्क्रीन सगळं उत्तम असूनही एखादं मॉडेल सगळ्याच लोकांचं बीपी चुकीचं दाखवू शकतं. उलट एखादं चांगलं मॉडेल एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत सातत्याने चुकू शकतं, कारण त्याच्या रोहिण्या कडक झालेल्या असतात किंवा दंडाचा आकार वेगळा असतो. मॉडेलची चाचणी आणि तुमच्या दंडावरची पडताळणी या दोन्ही गोष्टी लागतात त्या यामुळे.

मॉडेलची 'वैद्यकीय चाचणी' म्हणजे नेमकं काय करतात?

सध्या यासाठी आयएसओ ८१०६०-२ हे २०१८ सालचं आंतरराष्ट्रीय मानक वापरतात. किमान ८५ माणसं घेतात, त्यात बीपी कमी असलेले, जास्त असलेले, बारीक दंडाचे, जाड दंडाचे असे सगळे असावे लागतात. दोन प्रशिक्षित निरीक्षक स्टेथोस्कोपने बीपी घेतात, त्यांना एकमेकांचे आकडे दिसत नाहीत. त्याच दंडावर आळीपाळीने मशीन लावतात. सगळे फरक काढल्यावर त्यांची सरासरी पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत आणि आकड्यांचं विखुरलेपण, म्हणजे प्रमाण विचलन, ८ च्या आत असावं लागतं. प्रत्येक माणसाच्या सरासरी फरकावर आधारलेला आणखी एक निकषही आहे, पण मुख्य कल्पना हीच.

यातला ८ हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरासरी चूक शून्य असली तरी काही रीडिंग्ज खऱ्यापेक्षा १० किंवा त्याहून जास्त अंकांनी दूर जाऊ शकतात, आणि तरीही मॉडेल उत्तीर्ण होतं. त्यामुळे मान्यताप्राप्त मॉडेल घेतलं म्हणजे पडताळणीची गरज संपली, असं होत नाही.

खोक्यावर सरकारी मान्यतेचे शिक्के असतात. तेवढे पुरत नाहीत का?

नाही. बाजारात विकायची परवानगी आणि अचूकतेची वैद्यकीय चाचणी या वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपातला सीई शिक्का किंवा अमेरिकेतल्या एफडीएची मंजुरी असलेल्या सगळ्याच मशीनची वरच्यासारखी स्वतंत्र चाचणी होऊन ती प्रसिद्ध झालेली असते असं नाही. 'डॉक्टरांची पसंती' किंवा 'क्लिनिकली प्रूव्हन' हे तर नुसतं जाहिरातीचं लिखाण. ते कोणीही छापू शकतं.

मग तपासलेलं मॉडेल ओळखायचं कसं?

मान्य मॉडेलच्या याद्या तज्ज्ञ संस्था चालवतात आणि त्या सगळ्यांना मोफत पाहता येतात. stridebp.org ही आंतरराष्ट्रीय यादी आहे, validatebp.org ही अमेरिकेतली. ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीचीही अशी यादी आहे.

शोधताना कंपनीचं नाव टाकून थांबू नका. मशीन उलटं करून खालच्या चिठ्ठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहा आणि तो अक्षर न् अक्षर जुळवा. क्रमांकाच्या शेवटी एखादं इंग्रजी अक्षर जास्त असेल तर ते वेगळं मॉडेल असू शकतं. खोक्यावरचं आकर्षक नाव आणि चिठ्ठीवरचा क्रमांक हे बऱ्याचदा वेगळे असतात, आणि यादीत असतो तो क्रमांक. एकाच कंपनीची काही मॉडेल यादीत असतात आणि काही नसतात, हेही तिथेच दिसेल.

घरात आधीपासून असलेलं मॉडेल यादीत सापडलं नाही, तर लगेच टाकून देऊ नका. त्याची पडताळणी करून घ्या, निकाल येईपर्यंत त्याच्या आकड्यांवरून औषधात बदल होऊ देऊ नका, आणि पुढचं मशीन यादीतूनच घ्या.

मनगटाचं मशीन किंवा घड्याळ चालेल का?

दंडाला बांधायचं स्वयंचलित मशीन हीच पहिली निवड. मनगटाच्या मशीनची मुख्य अडचण उंचीची आहे. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिलं, तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो. तितकंच वर धरलं तर तितकाच कमी. दंड आपोआप हृदयाच्या जवळपास असतो, मनगट मात्र प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक धरावं लागतं. दंड इतका जाड किंवा निमुळता असेल की कोणताच पट्टा नीट बसत नाही, अशा माणसासाठी तपासलेलं मनगटाचं मशीन हा खरा उपयोग.

पट्ट्याशिवाय, केवळ प्रकाशाच्या सेन्सरवरून बीपी सांगणारी घड्याळं निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी वापरू नयेत. त्यातली बरीचशी आधी पट्ट्याच्या मशीनचा आकडा भरून घेतात आणि त्याच्या आधारे अंदाज सांगतात, म्हणजे पट्ट्याचं मशीन लागतंच.

पट्ट्याचं माप इतकं महत्त्वाचं आहे का? सोबत येतो तोच वापरतो आम्ही.

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि मशीन उगाच बदनाम होतं. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की आकडा जास्त येतो, आणि मोठा असला की कमी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एकाच स्वयंचलित मशीनवर पट्टे बदलून हे मोजलं होतं. ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचं बीपी सुमारे ५ ने जास्त आलं. ज्यांना अतिमोठा लागतो त्यांना नेहमीचा बांधला तेव्हा जवळपास २० ने. आणि लहान पट्टा लागणाऱ्या बारीक दंडावर नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा साडेतीन-चारने कमी. वीसचा फरक म्हणजे ठणठणीत माणूस औषधावर जाईल एवढा.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. कोपर काटकोनात वाकवा. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत लांबी घ्या आणि मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल सोडून त्या खुणेवर दंडाचा घेर मोजा. टेप त्वचेला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. आलेला घेर पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसला पाहिजे, उदाहरणार्थ २२ ते ३२ सेंटिमीटर किंवा ३२ ते ४२. बरेच पट्टे बांधल्यावर कडेची एक खूण दोन रेघांच्या मध्ये यावी लागते. ती बाहेर गेली तर तो पट्टा तुमचा नाही. घेर दोन पट्ट्यांच्या सीमेवर येत असेल तर दोन्ही मापं चालवून घेणारा रुंद मर्यादेचा पट्टा त्याच मॉडेलसाठी तपासलेला आहे का, ते यादीत पाहा.

वजन बरंच वाढलं किंवा उतरलं तर घेर पुन्हा मोजा.

ब्लूटूथ, ॲप, बोलणारं मशीन, या सोयी किती महत्त्वाच्या?

अचूकतेशी त्यांचा काही संबंध नाही. वेळेसह नोंद साठवणारी मेमरी मात्र उपयोगी, कारण वहीत लिहिताना माणसं नकळत चांगले आकडे निवडतात. घरात दोघं वापरत असतील तर दोन वेगळ्या नोंदी ठेवणारं घ्या. मोठे आकडे दिसणारी स्क्रीन असेल तर बरं.

दवाखान्यात १५०/९० येतं आणि घरी १३५/८४. म्हणजे घरचं मशीन कमी दाखवतंय ना?

याचा अर्थ तसा होत नाही. दवाखान्यात गेल्यावर अनेकांचं बीपी खरोखरच वाढतं. काहींचं उलट दवाखान्यात ठीक येतं आणि घरी जास्त. म्हणूनच उच्च रक्तदाबाची सीमा दवाखान्यात १४०/९० धरतात आणि घरच्या सरासरीसाठी १३५/८५. सोमवारी घरी आणि बुधवारी दवाखान्यात घेतलेल्या आकड्यांची तुलना करून मशीनबद्दल काहीच सांगता येत नाही. दोन मशीनची तुलना करायची तर तोच माणूस, तोच दंड, तीच खुर्ची आणि तीच पाच-दहा मिनिटं लागतात.

त्याच बैठकीतली एकच जोडीसुद्धा पुरत नाही. शांत बसलेल्या माणसाचं बीपी एका मिनिटाच्या अंतराने पाच-सात अंकांनी सहज हलतं. एकदा घरचं लावलं, एकदा दवाखान्याचं लावलं आणि ६ चा फरक आला, तर तो मशीनचा आहे की माणसाचा हे कळायला मार्ग नाही.

मग पडताळणी करायची कशी?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सूचनांमधली पाच रीडिंगची पद्धत सोपी आहे आणि कोणत्याही दवाखान्यात करता येते. वेळ आधी ठरवून जा आणि मशीन, पट्टा, चालू सेल घेऊन जा. अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम टाळा. लघवीला जाऊन या.

आधी दोन्ही दंडांवर एकेकदा बीपी घेतात. एका हाताला जास्त येत असेल तर पुढचं सगळं त्याच हातावर करायचं. दोन हातांत सातत्याने १० हून जास्त फरक दिसला तर तो मशीनचा प्रश्न राहत नाही, तो डॉक्टरांना सांगायचा. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, उघडा दंड टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. घरच्या मशीनचा पट्टा रुग्णानेच बांधावा असा माझा आग्रह असतो. आम्ही बांधला तर घरी होणारी चूक दिसतच नाही.

यानंतर साधारण एकेका मिनिटाच्या अंतराने पाच रीडिंग घ्यायची. पहिलं आणि दुसरं घरच्या मशीनवर, तिसरं दवाखान्याच्या, चौथं पुन्हा घरच्या आणि पाचवं पुन्हा दवाखान्याच्या मशीनवर. तुलना वरच्या आकड्याची करायची.

पहिलं रीडिंग सोडून द्यायचं, ते बहुतेक वेळा जास्तच येतं. दुसऱ्या आणि चौथ्याची सरासरी काढून ती तिसऱ्याशी ताडायची. फरक ५ पर्यंत असेल तर मशीन वापरायला हरकत नाही. १० हून जास्त असेल तर ते मशीन किंवा पट्टा बदलायचा. ६ ते १० असेल तर तिसऱ्या आणि पाचव्याची सरासरी काढून ती चौथ्याशी ताडायची. हा फरक १० पर्यंत असेल तर चालेल, त्यापुढे नाही.

रीडिंगचा क्रम असा आलटून-पालटून ठेवण्यामागे कारण आहे. माणूस बसून राहतो तसं बीपी हळूहळू उतरत जातं. आधी सगळी रीडिंग घरच्या मशीनची आणि नंतर सगळी दवाखान्याची घेतली, तर घरचं मशीन विनाकारण जास्त दाखवणारं ठरेल. तिसरं रीडिंग दुसऱ्या आणि चौथ्याच्या बरोबर मधे येतं, म्हणून त्या दोघांच्या सरासरीत ही उतरण निघून जाते. पाचव्याची जोडही त्याच कारणाने.

एखादं उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

साठी ओलांडलेल्या एका काकांचं घेऊ. घरच्या आठवड्याची सरासरी १४२/८८ येत होती आणि डॉक्टर दुसरी गोळी सुरू करायच्या विचारात होते. त्याआधी मशीन पाहून घेऊ असं ठरलं. मॉडेल यादीत होतं.

पाच रीडिंग अशी आली: घरचं १५४/९२, घरचं १४९/९०, दवाखान्याचं १३९/८४, घरचं १४७/८८, दवाखान्याचं १३७/८४.

दुसऱ्या आणि चौथ्याची सरासरी १४८. तिसरं १३९, म्हणजे फरक ९. तो ६ ते १० मध्ये आला, म्हणून पुढची पायरी. तिसऱ्या आणि पाचव्याची सरासरी १३८, चौथं १४७. फरक पुन्हा ९. नियमाप्रमाणे मशीन उत्तीर्ण.

पण दोन्ही तुलनांत फरक एकाच दिशेने, एकाच मापाचा आला, आणि हे मला खटकलं. यदृच्छेने हलणारे आकडे इतके शिस्तीत एका बाजूला जात नाहीत. काकांचा दंड मोजला तर घेर ३५ सेंटिमीटर भरला. पट्टा होता २२ ते ३२ चा. काका तो ओढूनताणून बांधत होते आणि पंप चालला की वेल्क्रो चरचरत होतं.

त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठीचा ३२ ते ४२ चा पट्टा आणल्यावर पुन्हा पाच रीडिंग घेतली: घरचं १४४/८८, घरचं १४१/८६, दवाखान्याचं १३८/८४, घरचं १३९/८६, दवाखान्याचं १३६/८४. दुसऱ्या-चौथ्याची सरासरी १४०, तिसरं १३८, फरक २. मशीन तेच, पट्टा फक्त बदलला. पुढच्या आठवड्याची घरची सरासरी १३४/८३ आली आणि दुसऱ्या गोळीचा निर्णय डॉक्टरांनी पुढे ढकलला.

१० ही वापरायची शेवटची मर्यादा आहे. ८-९ चा फरक सतत एकाच बाजूला येत असेल तर कारण शोधल्याशिवाय मशीन परत देऊ नका, असं मी दवाखान्यातल्या सहकाऱ्यांनाही सांगते.

दवाखान्यातलंच मशीन बरोबर आहे कशावरून?

हा प्रश्न विचारायलाच हवा. काट्याचं, तबकडीवालं मशीन पडलं-आपटलं की बिघडतं, आणि ते बाहेरून कळत नाही. हवा पूर्ण सोडल्यावर काटा शून्यावर येत नसेल तर त्याच्याशी तुलना करू नका. काटा शून्यावर येतो म्हणून वरचे आकडे बरोबरच असतील याचीही खात्री नाही, त्याची ठरावीक काळाने तपासणी व्हावी लागते. शेवटची तपासणी कधी झाली असं विचारलं तर कोणी रागावू नये. पाऱ्याची मशीन पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारामुळे अनेक देशांत मागे पडली आहेत, त्यामुळे 'पाऱ्यावर बघून द्या' हा आग्रह आता चालत नाही.

स्टेथोस्कोपने घेतलेले आकडे सतत १३०, १४०, १५० असे शून्यावर संपणारे येत असतील तर मोजणारा गोळाबेरीज करतोय असं समजा. काट्याच्या मशीनवर २-२ च्या रेघा असतात, आकडा तिथपर्यंत वाचला गेला पाहिजे. दवाखान्यात तपासलेल्या मॉडेलचं, दंडाचं, व्यावसायिक स्वयंचलित मशीन असेल तर तुलनेसाठी मी तेच पसंत करते. आणि हो, दवाखान्याचा पट्टाही तुमच्याच मापाचा हवा. दोन्ही पट्टे चुकीचे असतील तर मशीन छान जुळतील आणि दोन्ही चुकीचं सांगतील.

एका हाताला घरचं, दुसऱ्या हाताला दवाखान्याचं, असं एकाच वेळी लावलं तर?

दोन हातांचं बीपी मुळातच वेगळं असू शकतं, म्हणून नको. एकाच दंडावर एकामागून एक, हेच बरोबर.

मशीन ८ ने जास्त दाखवतं हे कळलं. मग दर वेळी ८ वजा करून लिहू का?

नका करू. घडी केलेल्या बाहीवर पट्टा, लहान पट्टा, हात खाली लोंबकळलेला, यांमुळे येणारी चूक रोज सारखी नसते. शिवाय १४० ला असलेला फरक १७० ला तेवढाच असेल असंही नाही. वजा केलेले आकडे वहीत गेले की काही महिन्यांनी कोणते मूळ आणि कोणते सुधारलेले हे कोणालाच आठवत नाही. मशीनने दाखवलेला आकडाच लिहा आणि पडताळणीतला फरक वेगळा नोंदवून डॉक्टरांना दाखवा.

नाडी अनियमित असेल किंवा गरोदरपण असेल तर?

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाचे ठोके अनियमित करणाऱ्या विकारात प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असतो, त्यामुळे एकेक रीडिंग भरवशाचं नसतं. एका बैठकीत किमान तीन घेऊन सरासरी काढावी. पडताळणीतही पाचांवर थांबू नये.

गरोदरपणात, विशेषतः प्रीएक्लॅम्प्सिया या बीपी वाढवणाऱ्या गुंतागुंतीत, काही मशीन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात, आणि इथे कमी दाखवणं धोक्याचं असतं. याद्यांमध्ये गरोदरपणासाठी वेगळी तपासलेली मॉडेल स्वतंत्र दाखवलेली असतात. त्यातलंच घ्या आणि पडताळणी डॉक्टरांकडेच करून घ्या. लहान मुलांच्या बाबतीतही नेहमीच्या मशीनवर विसंबू नये.

अचानक खूप जास्त आकडा आला तर आधी मशीन तपासायचं का?

१८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं आणि छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं, दिसण्यात फरक यांतलं काहीही असेल, तर ताबडतोब तातडीची वैद्यकीय मदत घ्या. मशीनचं नंतर पाहता येईल. असं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा घ्या. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

पडताळणी किती दिवसांनी करावी?

मशीन नवीन आणल्यावर, औषध ठरवण्याआधी एकदा. त्यानंतर वर्षातून एकदा. मशीन पडलं, पट्टा बदलला किंवा दंडाचा घेर बदलला तर वर्षाची वाट पाहू नये. पडताळणीची तारीख आणि फरक मशीनच्या खाली चिठ्ठीवर लिहून चिकटवा, वहीतला कागद हरवतो.

मशीन बिघडत चाललंय हे घरी कसं ओळखायचं?

आधी साध्या गोष्टी पाहा. सेल बदला. नळी दुमडली आहे का, तिचं टोक मशीनमध्ये पूर्ण बसलंय का, ते पाहा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, नळीची खूण आतल्या बाजूला येईल असा बांधलाय का? रीडिंग चालू असताना कोणाशी बोलत होतात का? माझ्याकडे 'बिघडलेली' म्हणून येणारी बरीच मशीन इथेच बरी होतात.

हे सगळं ठीक असूनही पंप फुगवता फुगवता थांबून पुन्हा सुरू होतो, आधीपेक्षा बराच वेळ घेतो किंवा बारीक फुसफुस ऐकू येते, तर हवा गळते आहे. बहुधा पट्ट्याच्या आतली पिशवी किंवा नळीचा सांधा गेलेला असतो. वेल्क्रो मधेच सुटत असेल तर पट्टा संपला. एकाच बैठकीत, शांत असताना, लागोपाठची दोन रीडिंग वारंवार पंधरा-वीसने वेगळी येत असतील आणि नाडी नियमित असेल, तर मशीन पडताळणीला आणा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे सावकाश सरकणारा आकडा. आठवड्याची सरासरी दोन-तीन महिन्यांत ८-१० ने वर किंवा खाली गेली, तर दोनच शक्यता असतात: बीपी बदललं किंवा मशीन. घरी बसून हे ठरवता येत नाही. "मशीनच बिघडलं असेल" म्हणून वाढलेल्या बीपीकडे दुर्लक्ष करणं ही यातली सर्वात महागात पडणारी चूक आहे.

किती वर्षांनी बदलायचं?

मशीनचं आयुष्य माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं, कधी वर्षांत, कधी मोजण्यांच्या संख्येत. बऱ्याच मशीनचं ते ५ वर्षांच्या आसपास असतं. पट्ट्याचं आयुष्य वेगळं आणि कमी लिहिलेलं असतं, कारण तो रोज फुगतो आणि दुमडतो. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग घेणाऱ्याचं मशीन वर्षाला जवळपास दीड हजार वेळा फुगतं. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याशी त्याची बरोबरी करू नका.

ठरवलेली वर्षं झाली पण पडताळणीत फरक ५ च्या आत असेल, तर मशीन लगेच फेकायची गरज नाही. पडताळणी सहा महिन्यांवर आणा. उलट मशीन वर्षाचंच आहे, पण योग्य मापाच्या पट्ट्यासह दोनदा पडताळूनही फरक १० हून जास्त येतोय, तर वय पाहू नका, बदला. सेल गळून त्यातलं रसायन आत पसरलं असेल किंवा पाणी गेलं असेल तरीही बदलाच.

फक्त पट्टा दुसऱ्या कंपनीचा घेतला तर?

नळीचं टोक बसलं तरी घेऊ नका. मशीनचं गणित एका विशिष्ट पट्ट्यातल्या हवेच्या हेलकाव्यांवर बेतलेलं असतं, आणि चाचणीही त्याच पट्ट्यासह झालेली असते. पट्टा बदलला की ती चाचणी लागू राहत नाही.

'कॅलिब्रेशन' करून मिळतं म्हणतात. मग दवाखान्यात जायची गरज काय?

कॅलिब्रेशनमध्ये मशीनला ठरावीक हवेचा दाब देतात आणि ते तेवढाच दाखवतं का ते पाहतात, सहसा ३ मिलिमीटरच्या आत. म्हणजे सेन्सर तपासला जातो. हेलकाव्यांवरून वरचं-खालचं बीपी काढणारं गणित तुमच्या दंडावर जुळतं का, हे त्यातून कळत नाही. सेन्सर अचूक असूनही मशीन चुकू शकतं. मशीन पडलं असेल किंवा जुनं झालं असेल तर कॅलिब्रेशन जरूर करा, पण पाच रीडिंगची पडताळणी त्यानंतरही करा.

नवीन मशीन आणलं की जुन्या नोंदींचं काय करायचं?

जुनं मशीन अजून चालत असेल तर एक आठवडा दोन्ही वापरा. सकाळी जुन्यावर दोन रीडिंग, मग नव्यावर दोन. संध्याकाळी क्रम उलटा, म्हणजे बसल्या बसल्या उतरणाऱ्या बीपीचा फायदा एकाच मशीनला मिळणार नाही. पहिला दिवस सोडून उरलेल्या दिवसांची दोघांची वेगळी सरासरी काढा. वहीत त्या तारखेला आडवी रेघ मारून खाली नव्या मशीनचा मॉडेल क्रमांक, पट्ट्याचं माप आणि दोन सरासरींमधला फरक लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टर रेघेच्या वरचे आणि खालचे आकडे वेगवेगळे वाचतील, आणि मशीन बदलल्यामुळे पडलेला फरक औषधाच्या खात्यावर जमा होणार नाही.